मळसूत्रासारखा फिरत पुढे जाणारा चार्ज: बारावीची पोरं परत परत विचारतात ते प्रश्न

वर्धा जिल्ह्यात आर्वीकडच्या एका गावात मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. मॅग्नेटिक फील्डचा धडा आला की पोरांचे रात्री मेसेज सुरू होतात, आणि त्यातले निम्मे एकाच गोष्टीवर असतात: चार्जचा वेग फील्डला तिरपा असला तर काय होतं. दरवर्षी तेच तेच टाइप करण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतो. प्रश्न पोरांच्याच भाषेत ठेवलेत. सोप्यापासून सुरू करून पुढे अवघड होत जातात, त्यामुळे मधूनच वाचणार असाल तर निदान प्रश्न ३ वाचून घ्या, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे.

१. सर, चार्ज फील्डमध्ये गोल फिरतो असं शिकवलं होतं, मग हे मधातच मळसूत्र कुठून आलं?

गोल फिरतो ते वेग फील्डला बरोबर काटकोनात असेल तेव्हाच. आता वेग तिरपा आहे असं धरा. तिरप्या वेगाचे दोन भाग पाडायचे, एक फील्डच्या दिशेने आणि एक फील्डला काटकोनात. मॅग्नेटिक फोर्स फक्त काटकोनातल्या भागाला ओळखतो. फील्डच्या दिशेने जो वेग आहे त्याच्यावर फोर्स शून्य, तो जसा होता तसाच राहतो. म्हणजे एकाच वेळी दोन कामं चालू आहेत, काटकोनातला भाग चार्जला गोल गोल फिरवतोय आणि सरळ भाग त्याला एकसारखा पुढे नेतोय. गोल फिरत फिरत पुढे गेलं की जो रस्ता तयार होतो तोच हेलिक्स, आपल्या साध्या भाषेत मळसूत्र. घरातला कोणताही बोल्ट हातात घ्या आणि त्याच्या आट्यावरून नख फिरवत न्या, नख जसं जातं तसाच चार्ज जातो. एका चकरेत नख जेवढं पुढे सरकलं त्याला फिटर लोक आट्याचा पिच म्हणतात आणि फिजिक्समध्येही त्याला पिचच म्हणतात, शब्द तोच आणि अर्थही तोच.

एक गोष्ट इथेच सांगतो. काही जण याला स्पायरल लिहितात. स्पायरलमध्ये त्रिज्या बदलत जाते, मच्छर अगरबत्तीसारखी. हेलिक्समध्ये त्रिज्या तीच राहते, पेनातल्या स्प्रिंगसारखी. पेपरमध्ये हेलिक्सच लिहा.

२. फोर्स तर सारखा लागून राहिला, मग स्पीड काऊन वाढत नाही? आणि समोर जायचा वेग हळूहळू संपत काऊन नाही?

मॅग्नेटिक फोर्स कायम वेगाला काटकोनात असतो, म्हणून तो चार्जवर काम करतच नाही, फक्त वळवतो. काम शून्य म्हणजे कायनेटिक एनर्जी तेवढीच, म्हणजे एकूण स्पीड तेवढाच. समोरचा वेग संपायला समोरच्या दिशेने उलटा फोर्स लागायला पाहिजे आणि एकसारख्या फील्डमध्ये तो नसतो. पोरांच्या डोक्यात जमिनीवरच्या वस्तूंची सवय असते, की फिरणारी वस्तू थकून थांबते, पण ते घर्षणामुळे होतं आणि इथे आपण निर्वात जागेत आहोत. हवेत सोडला तर चार्ज रेणूंवर आपटून एनर्जी गमावेल आणि त्याची त्रिज्या खरंच लहान लहान होत जाईल, पण ते फील्डमुळे नाही, हवेमुळे. फील्ड जागोजागी वेगळं असेल तर समोरचा वेग बदलू शकतो, ते प्रश्न १३ मध्ये आहे.

३. एका चकरेच्या टाइममध्ये वेग पण नाही आणि कोन पण नाही, हे कसं काय?

हा प्रश्न ज्याला पडला त्याचं मला फार कौतुक वाटतं, कारण सगळ्या धड्याची किल्ली इथे आहे. आधी सूत्रं:

```
r = m v⊥ / (qB)
T = 2π r / v⊥ = 2π m / (qB)
p = v∥ T
```

काटकोनातला वेग वाढवला की त्रिज्या तेवढ्याच पटीत वाढते, म्हणजे रस्ता लांब झाला पण जायचा वेगही तेवढाच वाढला, वेळ तीच. खळ्यावरची मळणी ज्यांनी पाहिली असेल (आता थ्रेशर आलं, पण आजोबांना विचारा) त्यांना हे लगेच दिसेल. मधल्या खुंट्याजवळचा बैल हळू चालतो, पातीतला शेवटचा बैल जवळजवळ पळतो, पण चक्कर सगळ्यांची एकाच वेळी पूर्ण होते. फरक एवढाच की बैल एका दावणीला बांधलेले असतात म्हणून सोबत फिरतात, चार्ज मात्र एकमेकांना न बांधताही सोबत फिरतात, कारण प्रत्येकाला तेच m, तेच q आणि तेच B मिळालंय.

म्हणून हेलिक्सकडे असं बघा की प्रत्येक चार्जजवळ एक घड्याळ आहे आणि त्याची टिकटिक फक्त m, q आणि B वर ठरते. वेग कितीही असो, कोन कितीही असो, घड्याळ तेच. पिच म्हणजे त्या घड्याळाच्या एका फेरीत चार्ज फील्डच्या दिशेने किती पुढे गेला ते. सूत्र विसरलं तरी एवढं लक्षात असलं की पिच परत काढता येतो.

४. कोन कोणता घ्यायचा? कधी sin लागतो कधी cos, माझं नेहमी उलटं होते.

पाठ करायच्या मागे लागलात तर उलटं होणारच. प्रश्नात कोन कशासोबत दिलाय ते आधी वाचा. कोन फील्डसोबत दिला असेल तर फील्डच्या दिशेचा भाग v cosθ आणि काटकोनातला v sinθ. पण कधी कधी प्रश्नात लिहिलेलं असतं की कण फील्डला काटकोनात असलेल्या प्लेनशी ३०° करून घुसतो. तेव्हा फील्डसोबतचा कोन ६०° झाला. हे मुद्दाम टाकलेलं असतं आणि चार पर्यायांमध्ये दोन्ही उत्तरं छापलेली असतात, म्हणून चुकीचं उत्तर सापडलं की पोरगं खुश होऊन पुढे जातं.

चुकलो का हे ओळखायचा उपाय सोपा आहे. कोन फील्डच्या जवळ असेल, म्हणजे ४५° पेक्षा कमी, तर कण पुढे जास्त पळतो आणि गोल कमी फिरतो, तेव्हा पिच हा वर्तुळाच्या परिघापेक्षा मोठा आला पाहिजे. उलटं आलं तर sin-cos अदलाबदल झालाय. बरोबर ४५° ला पिच आणि परीघ सारखे येतात. हे कुठून येतं ते पुढच्या उत्तरात कागदावर दिसेल.

५. एक पूर्ण गणित सोडवून दाखवा ना सर, आकड्यांसकट.

प्रोटॉन घेऊ. फील्ड ०.२ टेस्ला, वेग ३ लाख मीटर दर सेकंद, फील्डसोबत कोन ३०°. प्रोटॉनचं वस्तुमान 1.67 × 10⁻²⁷ kg आणि चार्ज 1.6 × 10⁻¹⁹ C.

आधी वेग फोडा. काटकोनातला भाग ३ लाखाचा अर्धा, म्हणजे दीड लाख. फील्डच्या दिशेचा भाग ३ लाख गुणिले ०.८६६, म्हणजे जवळपास २ लाख ६० हजार. आता घड्याळ काढा, मी नेहमी T आधी काढायला लावतो, कारण त्यात कोनाची भानगड नाही:

```
T = 2π × 1.67e-27 / (1.6e-19 × 0.2) = 3.28e-7 s
r = 1.67e-27 × 1.5e5 / (1.6e-19 × 0.2) = 7.8e-3 m
p = 2.6e5 × 3.28e-7 = 8.5e-2 m
```

त्रिज्या ७.८ मिलिमीटर, म्हणजे नळी जेमतेम दीड सेंटीमीटर जाडीची, आणि पिच साडेआठ सेंटीमीटर. एक मीटर पुढे जाईपर्यंत प्रोटॉनच्या पावणेबारा चकरा होतात.

आता हे हाताने करून बघा, मी वर्गात दरवर्षी करतो. वहीच्या कागदातून ४.९ सेंटीमीटर रुंद आणि ८.५ सेंटीमीटर उंच तुकडा कापा. ४.९ कारण ७.८ मिलिमीटर त्रिज्येचा परीघ तेवढा येतो. खालच्या डाव्या कोपऱ्यापासून वरच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत पेनाने सरळ रेघ मारा, आणि रेघ बाहेरच्या बाजूला राहील अशी कागदाची उभी नळी करा, दोन्ही उभ्या कडा एकमेकांना टेकवून. ती सरळ रेघ आता नळीवर एक चक्कर मारून वर गेलेली दिसेल. आकाराने हाच आपल्या प्रोटॉनचा खरा रस्ता, मोठा नाही की लहान नाही, तेवढाच. वळायची बाजू तेवढी चार्ज आणि दिशेवर ठरते, ते प्रश्न ७ मध्ये. कागद परत उघडला की समोर काटकोन त्रिकोण असतो: पाया म्हणजे परीघ, उंची म्हणजे पिच, आणि कर्ण म्हणजे प्रोटॉनने एका चकरेत खरोखर कापलेलं अंतर, जे वेग गुणिले T म्हणजे ९.८ सेंटीमीटर यायला पाहिजे. पट्टीने मोजा, येतं. रेघेचा उभ्या कडेसोबतचा कोन मोजा, ३०° येतो, तोच फील्डसोबतचा कोन. म्हणून परीघ भागिले पिच म्हणजे tanθ, आणि ४५° ला दोन्ही सारखे का ते आता सांगायची गरज नाही.

६. चार्ज जिथून घुसला तिथूनच हेलिक्सचा अक्ष जातो ना?

नाही, आणि ही आकृती मी इतक्या वह्यांमध्ये चुकलेली पाहिली की वेगळा प्रश्न करतोय. चार्ज घुसतो तो नळीच्या पृष्ठभागावरून, मधोमधून नाही. अक्ष त्याच्यापासून एक त्रिज्या दूर असतो, ज्या बाजूला सुरुवातीचा फोर्स ओढतोय त्या बाजूला. प्रश्न ५ च्या प्रोटॉनचा अक्ष घुसायच्या जागेपासून ७.८ मिलिमीटर बाजूला असेल.

यातून एक उपयोगाची गोष्ट निघते. घुसायच्या जागेतून फील्डला समांतर एक सुतळी ताणली असं समजा. चार्ज लगेच त्या सुतळीपासून दूर जातो, अर्ध्या चकरेनंतर सगळ्यात दूर, म्हणजे दोन त्रिज्या अंतरावर असतो, आणि पूर्ण चकरेनंतर परत सुतळीला येऊन टेकतो. प्रत्येक पिचला एकदा. "कण x-अक्षाला परत कुठे भेटेल" असे जे प्रश्न येतात त्यांचं उत्तर हेच. प्रश्न १० मधला लॅबचा प्रयोगही याच टेकण्यावर चालतो.

७. मळसूत्र उजवं की डावं ते कसं ओळखायचं?

सायकल घ्या. उजव्या पायडलचे आटे साधे असतात, पण डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, नाहीतर चालवता चालवता ते ढिलं होऊन निघालं असतं. प्लस चार्ज फील्डच्या दिशेने पुढे जात असेल तर त्याचं मळसूत्र डाव्या पायडलसारखं, उलट्या आट्याचं. तोच प्लस चार्ज फील्डच्या उलट दिशेने जात असेल तर साध्या आट्याचं. इलेक्ट्रॉनचं सगळं याच्या विरुद्ध, फील्डच्या दिशेने जाताना साधे आटे. प्रश्न ५ ची कागदी नळी साध्या आट्याची झाली, फील्डच्या दिशेने जाणारा प्रोटॉन दाखवायचा असेल तर रेघ दुसऱ्या कर्णाने मारा.

पडताळायचं असेल तर फील्ड तुमच्या तोंडाकडे येतंय असं धरा. प्लस चार्ज तुम्हाला घड्याळाच्या काट्यासारखा फिरताना दिसेल. तो तुमच्याकडे येतोय की दूर जातोय याने फिरायची बाजू बदलत नाही, फक्त आटे बदलतात.

८. वेग दुप्पट केला तर काय बदलते? आणि कोन बदलला तर?

वेग दुप्पट केला की त्रिज्या दुप्पट, पिच दुप्पट, T तोच. फील्ड दुप्पट केलं तर तिन्ही अर्धे. कोन ३०° चा ६०° केला तर प्रश्न ५ च्या प्रोटॉनची त्रिज्या वाढून साडेतेरा मिलिमीटर होते आणि पिच घटून ४.९ सेंटीमीटर.

टोकाला काय होतं यावरून पण प्रश्न येतात. ९०° ला पिच शून्य, नुसतं वर्तुळ. ०° ला त्रिज्या शून्य, नुसती सरळ रेघ. पण कोन एकदम लहान, समजा १° असला तरी ते हेलिक्सच आहे, चक्कर तेवढ्याच वेळात पूर्ण होते, फक्त नळी दोऱ्यासारखी बारीक. पोरं इथे "कोन लहान म्हणून चकरा कमी" लिहितात, आणि मग मला प्रश्न ३ परत सांगावा लागतो.

९. प्रोटॉन आणि अल्फा एकाच वेगाने, एकाच कोनात सोडले तर?

अल्फाचं वस्तुमान जवळपास चौपट, चार्ज दुप्पट, म्हणून T दुप्पट, त्रिज्या दुप्पट, पिच दुप्पट. पण प्रश्नात "सारखाच वेग" आहे की "सारखीच कायनेटिक एनर्जी" आहे ते बघा. एनर्जी सारखी असेल तर अल्फाचा वेग अर्धा होतो, आणि मग त्रिज्या आणि पिच दोघांचे सारखेच येतात, फक्त T दुप्पट राहतो.

१०. कॉलेजच्या लॅबमध्ये सोलेनॉइडमध्ये ट्यूब ठेवून e/m काढतात, त्याचा हेलिक्सशी काय संबंध?

हा प्रश्न बीएस्सीला गेलेली आमचीच पोरं पाठवतात. जर्मनीच्या हान्स बुश यांनी १९२२ मध्ये ही पद्धत वापरली होती.

कॅथोड-रे ट्यूब एका लांब सोलेनॉइडच्या आत ठेवलेली असते, इलेक्ट्रॉन अक्षाच्या दिशेने जातात आणि फील्डही त्याच दिशेने. ट्यूबमधल्या प्लेट्सना एसी व्होल्टेज देतात, त्यामुळे काही इलेक्ट्रॉन थोडे वर, काही थोडे खाली, काही सरळ जातात आणि पडद्यावर उभी रेघ दिसते. प्रत्येक इलेक्ट्रॉनचा कोन वेगळा, पण सगळे कोन लहान. आता घड्याळ आठवा. चक्कर सगळ्यांची एकाच वेळेत पूर्ण होणार, आणि समोरचा वेग v cosθ असला तरी ५° ला cos ची किंमत ०.९९६ असते, म्हणजे सगळ्यांचा समोरचा वेगही जवळपास एकच. वेळ तीच, समोरचा वेग तोच, म्हणून पिच तोच. प्लेटपाशी एका जागेवरून वेगवेगळ्या दिशांना निघालेले सगळे इलेक्ट्रॉन एका पिचनंतर परत एकाच जागी टेकतात. पिच बरोबर प्लेटपासून पडद्यापर्यंतच्या अंतराएवढा केला की रेघेचा ठिपका होतो. कोन १०° पर्यंत गेला तर cos ०.९८५ होतो आणि ठिपका थोडा पसरतो, तिथे या पद्धतीची मर्यादा येते.

करंट वाढवत नेताना जे दिसतं ते मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात सुंदर वाटतं. रेघ नुसती आखूड होत नाही, ती फिरतेसुद्धा. इलेक्ट्रॉनने जितक्या कोनातून चक्कर मारली त्याच्या अर्ध्या कोनातून रेघ वळते. पहिल्या ठिपक्याला जेवढा करंट लागतो त्याच्या बरोबर अर्ध्यावर इलेक्ट्रॉनची अर्धी चक्कर झालेली असते, तेव्हा उभी रेघ आडवी झालेली असते आणि लांबी मूळच्या ६४ टक्के उरलेली असते. पुढे ती अजून वळत वळत आखूड होते आणि ठिपका होतो.

आकडे बघू. व्होल्टेज १००० व्होल्ट, प्लेटपासून पडदा २० सेंटीमीटर, सोलेनॉइडला मीटरमागे ३००० वेढे. पहिला ठिपका ०.८९ अँपिअरला आला, तर फील्ड ३.३५ मिलिटेस्ला.

```
e/m = 8π² V / (B² L²)
    = 8π² × 1000 / ((3.35e-3)² × 0.2²)
    = 1.76e11 C/kg
```

सूत्र कुठून आलं? L बरोबर v गुणिले T लिहा, v हा 1/2 m v² = eV मधून टाका, दोन ओळींचं काम आहे.

११. माझं e/m चौथाई आलं, ०.४४ आलं. कुठे चुकलं?

एका मुलीने पाठवलेला हा प्रश्न मी जपून ठेवलाय, कारण चुकीचा आकडाच चूक कुठे आहे ते सांगतो. बरोबर चौथाई म्हणजे फील्ड दुप्पट घेतलं गेलं. म्हणजे तिने पहिला ठिपका सोडून दुसरा धरला. करंट पटकन वाढवला की पहिला ठिपका हुकतो, रेघ परत लांब होते, आणि १.७८ अँपिअरला पुन्हा ठिपका होतो. त्या वेळेला इलेक्ट्रॉन पडद्यापर्यंत दोन चकरा मारून पोचतो. करंट शून्यापासून हळूहळू वाढवा आणि रेघ आडवी होते तो क्षण चुकवू नका, आडवी झाल्यानंतर येणारा पहिला ठिपका आपला. दुसराच ठिपका घ्यायचा असेल तरी चालतो, मग अंतर म्हणजे दोन पिच धरून सूत्रात वर ४ ने गुणायचं.

चुकीचं प्रमाण लहान असेल, दोन-तीन टक्के, तर पृथ्वीचं फील्ड बघा. आपल्याकडे ते साधारण ४० मायक्रोटेस्ला आहे. वरच्या ३.३५ मिलिटेस्लाच्या तुलनेत हे सव्वा टक्का होतं, आणि सूत्रात B चा वर्ग आहे म्हणून उत्तरात अडीच टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. करंट उलटा करून परत ठिपका आणा आणि दोन्ही करंटची सरासरी घ्या, एकदा पृथ्वीचं फील्ड मिळवलं जातं आणि एकदा वजा होतं. आणखी एक, सोलेनॉइडच्या टोकापाशी फील्ड मधल्यापेक्षा निम्मं असतं, म्हणून ट्यूबचा प्लेट ते पडदा हा भाग मधोमध आला पाहिजे. ट्यूब बाहेर डोकावत असेल तर e/m कमी येतं, कारण तुम्ही हिशोबात धरलेलं फील्ड खऱ्यापेक्षा जास्त असतं.

१२. फील्डच्या दिशेने इलेक्ट्रिक फील्ड पण दिलं तर?

मग समोरचा वेग वाढत जातो, पण घड्याळ आणि त्रिज्या तशीच राहतात, कारण इलेक्ट्रिक फोर्स काटकोनातल्या भागाला हात लावत नाही. नळी त्याच जाडीची, आटे मात्र पुढे पुढे विरळ होत जातात. प्रश्न ५ च्याच प्रोटॉनला मीटरमागे १००० व्होल्टचं फील्ड दिलं तर पहिला पिच ९ सेंटीमीटर, दुसरा १०, तिसरा ११, असा प्रत्येक चकरेला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. वाढ दरवेळी तेवढीच, (qE/m)T² एवढी.

इलेक्ट्रिक फील्ड उलट्या दिशेने दिलं तर मजा आहे. आटे दाट होत जातात, साधारण सव्वाआठ चकरांनंतर आणि ३५ सेंटीमीटर पुढे गेल्यावर समोरचा वेग शून्य होतो आणि प्रोटॉन मागे फिरतो. इथे पोरं लिहितात की तो आल्या रस्त्याने परत जातो. नाही जात. फिरायची बाजू तीच राहते आणि पुढे जायची दिशा उलटते, म्हणून परतीचं मळसूत्र विरुद्ध आट्याचं होतं (प्रश्न ७). नळी तीच, रस्ता वेगळा.

१३. फील्ड सगळीकडे सारखं नसलं तर? पृथ्वीभोवती कण अडकतात म्हणतात ते हेच का?

हेच, पण इथे घड्याळ जागेनुसार बदलतं, म्हणून वरची सूत्रं जशीच्या तशी चालत नाहीत. कण जसजसा जोरदार फील्डकडे सरकतो तसतशी फील्डरेषा एकमेकींजवळ येत जातात, म्हणजे त्या अक्षाला थोड्या तिरप्या असतात, आणि त्या तिरपेपणामुळे फोर्सचा एक छोटा भाग कणाला मागे ढकलतो. एकूण स्पीड तरीही बदलत नाही (प्रश्न २). समोरचा वेग कमी होतो आणि तेवढाच हिस्सा गोल फिरण्यात जातो. त्रिज्या लहान, आटे दाट, कोन वाढत वाढत ९०°, आणि कण मागे वळतो. याला मॅग्नेटिक मिरर म्हणतात.

एका चकरेच्या जागेत फील्ड फार बदलत नसेल तर हिशोब सोपा आहे, sin²θ भागिले B ही किंमत तीच राहते. कण फील्डसोबत ३०° करून निघाला तर sin²θ म्हणजे पाव. तो एक व्हायला फील्ड चौपट लागतं, म्हणून जिथे फील्ड सुरुवातीच्या चौपट झालं तिथून हा कण परत फिरणार. ४५° वाला त्याच्या आधीच, फील्ड दुप्पट झालं तिथूनच फिरेल.

पृथ्वीचं फील्ड ध्रुवांकडे जोरदार होत जातं, म्हणून कण उत्तरेकडून वळतो, दक्षिणेकडे जातो, तिथूनही वळतो, आणि फील्डरेषेभोवती मळसूत्र काढत ये-जा करत राहतो. १९५८ मध्ये अमेरिकेच्या एक्सप्लोरर १ उपग्रहावरच्या जेम्स व्हॅन अ‍ॅलन यांच्या उपकरणाने असे अडकलेले कण दाखवले, त्यांच्याच नावाने ते पट्टे ओळखले जातात. पण सगळेच कण अडकत नाहीत. ज्याचा कोन फार लहान आहे त्याला मागे वळायला इतकं जोरदार फील्ड लागतं की ते सापडायच्या आधीच तो वातावरणात उतरतो आणि हवेच्या रेणूंवर आपटून तिथेच संपतो.

१४. वेग फारच जास्त असला तर T तोच राहते का?

नाही. प्रकाशाच्या वेगाजवळ गेलं की m च्या जागी γm घ्यावं लागतं, आणि γ वेगावर अवलंबून असल्यामुळे घड्याळ हळू चालायला लागतं. प्रश्न १० मधल्या १००० व्होल्टच्या इलेक्ट्रॉनसाठी γ फक्त १.००२ आहे, काळजी नको. १ लाख व्होल्टला मात्र तो जवळपास १.२ होतो, म्हणजे चक्कर २० टक्के जास्त वेळ घेते. बारावीच्या पेपरमध्ये वेग ३ × १०⁷ मीटर दर सेकंदाच्या आत असेल तर साधी सूत्रं बिनधास्त वापरा, तिथे फरक अर्ध्या टक्क्याएवढाच पडतो.